फुलांचा ड्रम वेगळा, नारळाचा वेगळा

आमच्या देवीच्या देवळात मंगळवारी आणि शुक्रवारी ओटी भरायला गर्दी असते. ओटी म्हटली की नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या, गजरा नाहीतर वेणी आणि वर एखादा झेंडूचा हार हे सगळं आलंच. पूर्वी रात्रीच्या आरतीनंतर गाभाऱ्यातून उतरवलेलं निर्माल्य, मंडपातल्या पाकळ्या आणि नारळ वाढवायच्या दगडापाशी पडलेल्या शेंड्या-करवंट्या हे सारं एकाच पिंपात जायचं आणि सकाळी घंटागाडीत रिकामं व्हायचं. फुलांचं खत आवारातच करायचं असं समितीनं ठरवलं. भाविकांनी फुलं आणि नारळ वेगळे टाकावेत म्हणून सूचना लिहिण्याचं आणि डबे मांडण्याचं काम माझ्याकडे दिलं.

पाटी रंगवायला टाकण्याआधी पिंपात नेमकं काय येतं ते बघायचं ठरवलं. झाडलोट करणाऱ्या मावशी आणि मी, एका गर्दीच्या शुक्रवारचं पिंप दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या फरशीवर ताडपत्री अंथरून उलटं केलं. हातात रबरी मोजे घाला, असं मावशींनी आधीच बजावलं होतं. कारण लगेच कळलं. झेंडूच्या ढिगात हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते, आणि ओल्या पाकळ्यांत काच दिसतच नाही. मावशींच्या बोटांवर जुने कापल्याचे वण होते. ते पाहिल्यावर सूचनेत बांगड्यांची ओळ येणार हे पक्कं झालं.

निवडून झाल्यावर समोरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर वजनं केली. फुलं, पानं आणि हार मिळून साधारण ३५ किलो भरले. शेंड्या, किशी, करवंट्या आणि खोबऱ्याचे तुकडे मिळून १८ किलोच्या आसपास. उरलेलं, म्हणजे दोरे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेण्यांची जर, कापराच्या पुड्यांचे कागद, उदबत्तीच्या काड्या आणि काच, हे सगळं मिळून दोन किलो. वजनाला थोडं, पण त्रास सगळ्यात जास्त त्याच दोन किलोंचा.

फुलं आणि नारळ एकत्र आले की दोन्ही वाया जातात, हे त्या ताडपत्रीवरच दिसलं. झेंडू आणि शेवंतीत मुळात पाणीच जास्त. त्यावर नारळाचं पाणी सांडलं की रात्रभरात पाकळ्यांचा लगदा होतो. नारळाच्या पाण्यात साखर असते, ते आंबतं, आणि सकाळी पिंपाचं झाकण काढलं की आंबूस भपकारा येतो. चिलटं त्यालाच जमतात. खोबऱ्याचा तुकडा राहिला तर मुंग्या, आणि आवारात असतील तर उंदीर. दुसऱ्या बाजूनं, कोरडी करवंटी हे उत्तम जळण आहे, पण फुलांच्या लगद्यात रात्रभर भिजलेली बुळबुळीत करवंटी फुकट दिली तरी कोणी नेत नाही. शिवाय कुजण्याचा वेग वेगळा. पाकळी दोन महिन्यांत माती होते. करवंटी इतकी कठीण असते की वर्ष उलटलं तरी खड्ड्यात जशीच्या तशी सापडते, आणि किशीसुद्धा फारशी मागे नाही. खत चाळताना असे तुकडे निघाले की चाळणी अडते आणि हात दुखतात. म्हणून वेगळं करायचं ते भाविकाच्या हातातच. नंतर निवडणं म्हणजे ते रोज सकाळी मावशींच्या गळ्यात घालणं.

मग मी गर्दीच्या वेळी मंडपाच्या खांबाशी उभी राहून लोक काय करतात ते पाहत राहिले. पायरीपाशी हार घेतात, आत येऊन दगडापाशी नारळ वाढवतात, पाणी दगडाच्या पन्हळीतून खाली जातं, गुरवकाका अर्धी वाटी देवीपुढे ठेवतात आणि अर्धी परत देतात. शेंडी तिथेच पडते. दर्शन होतं, प्रदक्षिणा होते, आणि मागच्या दारानं बाहेर पडताना घरून आणलेलं आदल्या दिवसाचं निर्माल्य पिशवीसकट कुठेतरी ठेवलं जातं. पिंप होतं पुढच्या दारापाशी. म्हणजे नारळ वाढवतात तिथे डबा नाही, निर्माल्य ठेवतात तिथेही नाही. त्यामुळे एक डबा हलवून भागणार नव्हतं. नारळाचा ड्रम दगडाच्या उजव्या हाताला, वाकावं लागणार नाही इतक्या उंचीवर, आणि फुलांचा ड्रम मागच्या दाराशी प्रदक्षिणेच्या वाटेवर, असं ठरलं.

फुलांच्या ड्रमबद्दल गुरवकाकांनी एक गोष्ट सुचवली, ती मला फार महत्त्वाची वाटते. ते म्हणाले, "ताई, तो जमिनीवर ठेवू नका. देवीच्या अंगावरचं फूल पायाशी टाकायला कोणाचं मन होत नाही. मग लोक ते पाराच्या कट्ट्यावर नाहीतर वडाच्या ढोलीत ठेवतात." खरंच तसं होत होतं. आम्ही कमरेएवढा विटांचा ओटा बांधून घेतला आणि पिवळा रंग दिलेला ड्रम त्यावर ठेवला. नारळाचा ड्रम विटकरी रंगाचा. शहरात ओल्या कचऱ्याला हिरवा आणि सुक्याला निळा डबा लोकांच्या सवयीचा आहे, म्हणून ते दोन रंग मुद्दाम टाळले. नाहीतर चहाचे कप आणि वेफर्सच्या पिशव्याही त्यात येतात. दोऱ्या-पिशव्यांसाठी फुलांच्या ड्रमशेजारीच खिळ्याला एक टोपली टांगली. ती खालीच राहिली असती तर दोरे ड्रममध्येच गेले असते.

दोऱ्याचं प्रकरण थोडं सविस्तर सांगते, कारण खत करताना सर्वांत जास्त वेळ इथे जातो. झेंडूचा हार सुईनं ओवलेला असतो. त्याची एक गाठ कापली आणि दुसऱ्या टोकाला धरून दोरा ओढला की फुलं सरसर खाली पडतात, मिनिटभराचं कामही नाही. शेवंतीचे काही हार आणि मोगऱ्याचे गजरे मात्र गाठी मारून बांधलेले असतात, ते असे सुटत नाहीत. दोरा सुती असेल तर तसाच ड्रममध्ये गेला तरी चालतं, तो कुजतो. नायलॉनचा असेल तर कुजत नाही, आणि खत उलटवताना फावड्याला, हाताला, सगळ्याला गुंडाळतो. फरक ओळखायला दोऱ्याचं टोक काडीपेटीनं पेटवून पाहायचं. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, नायलॉनचा वितळून टोकाला कडक गोळी होते. आम्ही फुलांच्या ड्रमला साखळीनं एक बोथट टोकाची कात्री बांधली. दोरा ओढून फुलं पाडायचं काम लहान मुलं हौसेनं करतात. आजी हार हातात धरते आणि नातू दोरा ओढतो, हे आता नेहमीचं दृश्य आहे.

देवळाबाहेर हार विकणाऱ्या ताईंशीही बोलले. त्यांना सुती दोऱ्याचं वावडं नव्हतं, पण त्या म्हणाल्या की ओला झाला की तो तुटतो आणि गिऱ्हाईक तक्रार करतं. मग दुहेरी सुती दोरा वापरून पाहिला. झेंडूच्या हाराला तो पुरतो. गुलाबाच्या जड हाराला अजून नायलॉनच लागतो, आणि तो आम्ही तसाच चालवून घेतला आहे. वेण्यांची जर मात्र त्यांनी स्वतःहून कमी केली.

खत करायची पद्धत आता सांगते, म्हणजे सूचनेतली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते लक्षात येईल. २०० लिटरचे प्लॅस्टिकचे ड्रम घेतले, बाजूंना आणि तळाला बोटाएवढी भोकं पाडली आणि विटांवर ठेवले. तळाला वीतभर जाडीचा किशी आणि बारीक काटक्यांचा थर दिला. नारळाच्या ड्रममधली थोडी किशी इथे उपयोगी पडते. ती कुजत नाही, पण जास्तीचं पाणी खाली जाऊ देते, आणि खत चाळल्यावर परत तळाशी घालता येते. त्यावर दोन घमेली फुलं आणि एक घमेलं वाळका पाला असे थर. वडाची मोठी पानं हातानं चुरून घालायची, नाहीतर ती एकावर एक चिकटून बसतात आणि हवा अडवतात. प्रत्येक थरावर थोडा पातळ शेणकाला शिंपडला. पहिला ड्रम तयार झाल्यावर शेणाची गरजही राहिली नाही. विरजणासारखं जुनं खत ओंजळभर टाकलं की पुरतं.

त्या शुक्रवारच्या ३५ किलो फुलांना दहा किलोच्या आसपास पाला लागला आणि दोन ड्रम काठोकाठ भरले. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन्ही अर्ध्यावर बसले, त्यामुळे पुढच्या मंगळवारची फुलं त्यावरच घातली. ड्रममध्ये काम चालू आहे की नाही हे पाहायला आम्ही लोखंडी सळई वापरतो. मधोमध खुपसून थोडा वेळ ठेवायची आणि काढून हात लावायचा. नीट चाललं असेल तर ती चांगली गरम लागते, कारण आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत ताप चढतो. गार लागली तर पाणी कमी तरी आहे किंवा जास्त तरी. मग मूठभर घेऊन दाबायचं. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाला वाढवून उलटवायचं, आणि मूठ उघडल्यावर सगळं सुटून पडलं तर पाणी शिंपडायचं.

वासावरूनही बरंच कळतं. नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर फुलं जास्त आणि पाला कमी. सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही, ड्रम लगेच उलटवावा. आंबूस आला तर हमखास नारळाचं पाणी गेलेलं असतं, आणि उकरल्यावर कुठेतरी न वाढवलेला नासका नारळ नाहीतर वाटी सापडतेच. पांढरी बुरशी दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती कामच करत असते. आठवड्यातून एकदा उलटवलं की दीड-दोन महिन्यांत खत काळंभोर होतं आणि पहिल्या पावसात येणाऱ्या मातीसारखा वास येतो. पावसाळ्यात वेळ जास्त लागतो. त्या दोन ड्रमांतल्या त्या शुक्रवारच्या वाट्याचं खत दहा-बारा किलो निघालं असेल.

एक मर्यादा आम्ही पहिल्यापासून पाळतो. फुलांबरोबर कुंकू आणि गुलाल येतो, आणि बाजारातल्या कुंकवात कोणता रंग असतो याची खात्री देता येत नाही. म्हणून हे खत आवारातल्या जास्वंदीला, तगरीला आणि चाफ्यालाच घालतो. भाजीसाठी मागायला आलेल्यांना नाही म्हणतो आणि कारण सांगतो.

नारळाच्या ड्रमचं काम त्यामानानं सोपं आहे, पण तो कोरडा राहिला पाहिजे. दगडाच्या पन्हळीखाली स्टीलची बादली ठेवली, नारळाचं पाणी तिच्यात जमतं. ते त्याच दिवशी भरपूर पाण्यात मिसळून झाडांना घालायचं, रात्रीवर ठेवायचं नाही. करवंट्या गच्चीवर दोन-तीन दिवस उन्हात टाकल्या की चिकटलेलं खोबरं सुकून सुटतं. गावातला एक भट्टीवाला त्या घेऊन जातो. किशी रोपवाटिकेत जाते. तिथले माळीदादा ती दोन-तीनदा पाणी बदलून भिजवतात, तिचा तांबूस रंग उतरला की मगच कुंड्यांच्या तळाला घालतात. ताज्या किशीतला तो रंग आणि क्षार कोवळ्या रोपांना सोसत नाहीत, असं त्यांनी समजावून सांगितलं.

इतकं कळल्यावर सूचना लिहिणं सोपं गेलं. जुन्या पाटीवर लाल अक्षरांत "येथे निर्माल्य टाकू नये" असं होतं. कुठे ठेवायचं ते मात्र नव्हतं. माझा पहिला मसुदा बराच लांब होता. त्यात पर्यावरणावर एक परिच्छेद होता. मावशींनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, "हातात ताट, कडेवर पोर, एवढं कोण वाचणार? काय कुठे टाकायचं तेवढं लिहा आणि त्याचं पुढे काय होतं ते लिहा." शेवटी एक मोठी सूचना न लावता दोन केल्या. प्रत्येक आपापल्या ड्रमच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर. दगडापाशी ही आहे:

"नमस्कार. नारळ वाढवल्यावर शेंडी, किशी आणि करवंटी या विटकरी ड्रममध्ये ठेवावी. पाणी पन्हळीत सोडावं. खोबऱ्याची वाटी प्रसाद म्हणून घरी न्यावी. नारळ नासका निघाला तर ड्रममध्ये न टाकता गुरवकाकांकडे द्यावा, ते दुसरा देतील. इथली करवंटी भट्टीला जळण म्हणून जाते आणि किशी रोपवाटिकेत जाते. आपली मदत होते आहे."

आणि मागच्या दाराशी ही:

"नमस्कार. देवीला वाहिलेली फुलं, पानं, हार आणि घरचं निर्माल्य या पिवळ्या ड्रममध्ये ठेवावं. पिशवी रिकामी करून शेजारच्या टोपलीत टाकावी. हाराची एक गाठ कापून दोरा ओढावा, फुलं आपोआप सुटतील. दोरा, जर आणि कागदही टोपलीत. बांगड्या कृपया देवीपुढच्या तबकातच राहू द्याव्यात, काच फुलांत गेली तर निवडणाऱ्यांचे हात कापतात. या फुलांचं खत समोरच्या जास्वंदीला घातलं जातं, आणि तिची फुलं रोज सकाळी देवीला वाहिली जातात."

शेवटच्या वाक्याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे. लोक वाचतात आणि वळून जास्वंदीकडे बघतात. ती ड्रमपासून चार पावलांवर आहे, आणि त्यासाठीच फुलांचा ड्रम त्या दाराशी हवा होता. नासक्या नारळाची ओळ गुरवकाकांची. नारळ नासका निघाला की माणूस खट्टू होतो आणि तो हातातून कुठेतरी पटकन टाकून देतो. दुसरा मिळणार म्हटल्यावर तो शांतपणे त्यांच्याकडे येतो.

पाट्या लागल्यावरही सुरुवातीला फुलांच्या ड्रममध्ये शेंड्या येत होत्या. कारण शोधलं तर वाचायचा कंटाळा हे नव्हतं. गर्दीत नारळाच्या ड्रमपर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून लोक शेंडी ताटात ठेवून पुढे नेत आणि मागच्या दाराशी रिकामी करत. मग नारळाच्या ड्रमचं तोंड रुंद केलं आणि फुलांच्या ड्रमशेजारी विटकरी रंगाची एक छोटी बादलीही ठेवली. तेव्हापासून शेंड्या तिथे जातात. गर्दीच्या दिवशी आरतीआधी तासभर आमच्यापैकी कोणीतरी ड्रमपाशी उभं राहतं आणि हात जोडून दाखवतं. कोणाच्या हातून चुकीच्या ड्रममध्ये पडलं तर बोलायचं नाही, चिमट्यानं उचलून दुसरीकडे ठेवायचं, एवढं आपसात ठरलं आहे.

नवरात्रात आमचे ड्रम पुरत नाहीत. अष्टमीला तर फुलांचे ढीगच लागतात. त्या दिवसांत जेवढं मावेल तेवढंच ठेवतो आणि बाकीचं, दोरे काढून, ओल्या कचऱ्याच्या गाडीला देतो. निवडलेलं असल्यामुळे तिकडेही त्याचं खतच होतं. दसऱ्याची आपट्याची पानं मात्र एकही देत नाही. ती चिवट असतात, लवकर कुजत नाहीत, पण वाळवून चुरली की पाल्याऐवजी चालतात, आणि नवरात्रातल्या झेंडूला नेमका पालाच कमी पडत असतो. पोतीच्या पोती भरून ठेवली की पुढचे काही आठवडे निभावतात.

अलीकडे पलीकडच्या पेठेतल्या मारुतीच्या देवळाचे विश्वस्त पाट्या बघायला आले होते. त्यांच्याकडे शनिवारी रुईच्या पानांच्या माळा आणि तेल. रुईची पानं चांगली कुजतात, पण तेल माखलेली पानं-फुलं एकमेकांना चिकटतात, पाणी आत शिरत नाही आणि ड्रम गार राहतो. आमचा मजकूर तसाच घेऊन त्यांचं भागणार नव्हतं. त्यांच्यासाठी एक ओळ बदलून दिली: "माळ आधी अर्पण करावी, तेल वेगळ्या भांड्यात घालावं." पुजारीबुवांनी मूर्तीवरून उतरवलेल्या तेलकट माळा वेगळ्या काढायच्या आणि एका ड्रममध्ये एखादं घमेलंच, तेही भरपूर पाल्यात मिसळून घालायच्या. पहिला ड्रम त्यांनी मागच्या शनिवारी भरला आहे. सळई आमचीच नेली आहे.